मधल्या परिच्छेदात एकच काम सांगा

नोकरीच्या अर्जासोबत जे पत्र जातं त्याला हल्ली सगळेच कव्हर लेटर म्हणतात. त्याचे साधारण तीन भाग असतात. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि कोणत्या जागेसाठी अर्ज करतो आहोत ते येतं. शेवटच्यात भेटीची विनंती आणि केव्हा रुजू होऊ शकू हे येतं. या दोन्ही जागा बहुतेक उमेदवार बऱ्या लिहितात, कारण तिथे काय लिहायचं हे ठरलेलंच असतं. पत्र फसतं ते मधे.

मधला परिच्छेद म्हणजे ‘मला का घ्यावं’ याचं उत्तर. आपल्याकडे शाळेत अर्जलेखन शिकवतात तेव्हा तारीख, विषय, महोदय, आपला विश्वासू हे सगळं घोटून घेतात, पण या उत्तराचा सराव करून घेत नाहीत. मग उमेदवार तिथे स्वतःची विशेषणं मांडतो. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, संघभावनेने काम करणारा. यातलं खोटं काहीच नसेल. पण शेजारच्या अर्जातही तेच शब्द आहेत, आणि वाचणाऱ्याला ते तपासता येत नाहीत. दोन अर्जांपैकी एक निवडायला त्याला ज्याची गरज आहे, तेच तिथे नसतं.

या जागेसाठी एक साधी मांडणी आहे. आपण केलेलं एकच काम निवडायचं आणि ते तीन टप्प्यांत सांगायचं: अडचण काय होती, आपण काय केलं, त्यातून काय झालं. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लोक ते वाचतात, मान डोलावतात आणि पुन्हा विशेषणंच लिहितात. म्हणून एक पूर्ण उदाहरण सावकाश पाहू.

उमेदवार काल्पनिक आहे, काम मात्र आपल्याकडच्या कितीतरी गावांत रोज चालणारं आहे. समजा, एक विज्ञान पदवीधर तरुणी सातारा जिल्ह्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर दोन वर्षं काम करते आहे. गावोगावच्या दूध संस्थांचं दूध टेम्पोने कॅनमधून केंद्रावर येतं. तिथे वास, फॅट, आम्लता अशा तपासण्या होतात आणि दूध चार अंश सेल्सियसपर्यंत थंड करून मोठ्या डेअरीकडे रवाना होतं. तिला आता एका मोठ्या डेअरीत गुणवत्ता सहायकाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. जाहिरातीत म्हटलं आहे की उमेदवाराला संकलन पातळीवरच्या गुणवत्तेचा अनुभव असावा. तिचा मधला परिच्छेद पहिल्यांदा असा उतरतो:

‘मला शीतकरण केंद्रातील कामाचा दोन वर्षांचा अनुभव आहे. मी मेहनती व प्रामाणिक असून संघभावनेने काम करते. माझ्या कार्यकाळात दुधाची गुणवत्ता सुधारण्यासाठी विविध उपाययोजना करण्यात आल्या व त्यातून लक्षणीय सुधारणा झाली.’

तिसरं वाक्य नीट वाचा. त्यात अडचण, कृती आणि परिणाम हे तिन्ही आहेत, फक्त तिन्ही झाकलेले आहेत. गुणवत्तेत काय बिघडलं होतं? उपाययोजना कोणत्या, आणि त्या कोणी केल्या? लक्षणीय म्हणजे किती? हे प्रश्न तिला समोर बसवून विचारले की खरी हकिकत बाहेर येते, आणि ती हकिकत फार चांगली आहे.

मागच्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळच्या फेरीतले कॅन आंबूस निघत होते. संशय आलेल्या कॅनमधलं थोडं दूध परीक्षानळीत घेऊन उकळतात. ते फाटलं तर कॅन परत जातो. दोन महिन्यांत असे 46 कॅन परत गेले. एका कॅनमध्ये 40 लिटर दूध मावतं, म्हणजे नुकसान लहान नव्हतं, आणि ते शेवटी दूध घालणाऱ्यांच्याच माथी बसत होतं. केंद्रावर सगळे ‘ऊनच तसं आहे’ म्हणत होते. हिने नोंदवही काढून परत गेलेले कॅन संस्थेनुसार लावले, तेव्हा त्यातले 31 कॅन एकाच मार्गावरच्या तीन वस्त्यांचे निघाले. टेम्पो त्या वस्त्यांपासून भरायला सुरुवात करायचा. म्हणून त्यांचं दूध सगळ्यांत आधी चढायचं आणि केंद्रावर पोहोचेपर्यंत साडेतीन तास उन्हात तापत राहायचं. ताज्या, न थंड केलेल्या दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. ऊन तर सगळ्याच मार्गांवर होतं. या वस्त्यांच्या वाट्याला वेळ जास्त येत होता.

तिने दोन आठवडे प्रत्येक कॅनची चढवण्याची वेळ आणि केंद्रावर उतरतानाचं तापमान टिपलं. शेजारच्या मार्गावरचा टेम्पो अर्धा रिकामा यायचा. या तीन वस्त्या त्याला जोडाव्यात, म्हणजे वाटेतला वेळ दोन तासांच्या आत येईल, असं तिने व्यवस्थापकांना कागदावर मांडून दाखवलं. परवानगी मिळाल्यावर दोन्ही चालक आणि संस्थांचे सचिव यांच्याशी बोलून वेळा ठरवल्या. याच काळात तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही संस्थांमध्ये कॅन धुऊन लगेच झाकण लावून ठेवत. आत राहिलेल्या ओलीत जिवाणू वाढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधात मिसळतात. तिने सगळ्या संस्थांना कॅन पालथे घालून, झाकण बाजूला ठेवून वाळवायला लावले. यंदाच्या एप्रिल-मेमध्ये परत गेलेल्या कॅनची संख्या 11 होती, आणि त्यात त्या तीन वस्त्यांचे 4.

एवढं सगळं पत्रात मावणार नाही, आणि मावायची गरजही नाही. मधला परिच्छेद शंभर-सव्वाशे शब्दांचा असावा. आता कापायचं काय आणि ठेवायचं काय, यातच खरं कसब आहे.

अडचण दोन वाक्यांत संपवायची. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण अडचण आपण भोगलेली असते आणि तिच्याबद्दल बोलायला खूप असतं. कोण ऐकत नव्हतं, आधीच्या माणसाने काय गोंधळ घातला होता, साहेब कसे लक्ष देत नव्हते. यातलं काही लिहू नये. नव्या ठिकाणचा वाचक लगेच विचार करतो की ही व्यक्ती उद्या आपल्याबद्दलही असंच लिहील. अडचण माणसांच्या दोषांतून न सांगता कामाच्या भाषेत सांगावी: किती कॅन, कोणत्या महिन्यांत, कशामुळे. शिवाय अडचण अशी हवी की जिचं नुकसान परक्या माणसालाही कळेल. ‘नोंदींमध्ये सुसूत्रता नव्हती’ यात कोणाचं काय बिघडलं ते दिसत नाही. 46 कॅन परत गेले हे कोणालाही दिसतं.

कृतीला परिच्छेदाचा जवळपास निम्मा भाग द्यावा. नोकरी देणारा तुमची अडचण विकत घेत नाही आणि तुमचा जुना परिणामही त्याच्या उपयोगाचा नाही; त्याला हवी आहे ती तुमची काम करण्याची रीत, आणि ती याच भागात दिसते. इथे मराठीत लिहिणाऱ्याला एक विशेष धोका आहे. आपली कार्यालयीन मराठी कर्ता लपवून ठेवते. ‘उपाययोजना करण्यात आल्या’, ‘सर्वेक्षण हाती घेण्यात आले’, ‘सूचना देण्यात आल्या’. परिपत्रकात हे चालतं, कारण तिथे कार्यालय बोलत असतं. अर्जात मात्र वाचक करणाऱ्यालाच शोधत असतो. ‘मी टिपले’, ‘मी प्रस्ताव ठेवला’, ‘मी वेळा ठरवल्या’ अशी साधी क्रियापदं वापरावीत. स्वतःबद्दल ‘मी’ लिहिताना आपल्याला संकोच वाटतो, मग ‘आम्ही’ येतं आणि त्या ‘आम्ही’त नेमकं आपण किती होतो ते पुसलं जातं. संकोचावर उपाय असा की इतरांचा वाटाही तितक्याच स्पष्टपणे सांगावा. परवानगी व्यवस्थापकांनी दिली, टेम्पो चालकांनी वेळेवर आणला. या उमेदवाराने ‘मी मार्ग बदलला’ असं लिहिलं तर जाणकाराला ते खटकेल, कारण केंद्रावरच्या सहायकाला मार्ग बदलण्याचा अधिकार नसतो हे त्याला ठाऊक असतं. ‘प्रस्ताव ठेवला, तो मान्य झाला’ हे खरंही आहे आणि जास्त पटणारंही.

परिणाम लिहिताना सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि त्या नकळत होतात. समजा, तिने उन्हाळ्यातले 46 कॅन आणि त्यानंतरच्या जुलै-ऑगस्टचे 5 कॅन यांची तुलना केली असती. आकडे खरे असते, तरी निष्कर्ष चुकला असता. पावसाळ्यात हवा थंड होते आणि दूध आंबण्याचं प्रमाण तसंही कमी होतं; त्याचं श्रेय तिच्याकडे जात नाही. डेअरीतला कोणीही माणूस हे एका नजरेत ओळखेल आणि मग पत्रातल्या बाकीच्या वाक्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल. म्हणून एप्रिल-मेची तुलना पुढच्या एप्रिल-मेशीच हवी. त्याचबरोबर दोन्ही वर्षी दूध साधारण तेवढंच आलं हेही सांगायला हवं, कारण संकलन निम्म्यावर आलं असतं तर परत जाणारे कॅनही आपोआप कमी झाले असते. ‘साधारण तेवढंच दूध येत असताना’ हे चार-पाच शब्द त्या परिच्छेदातले सर्वांत मोलाचे शब्द आहेत.

टक्क्यांचा मोहही इथेच होतो. 46 वरून 11 म्हणजे सुमारे 76 टक्के घट. पण नुसतं ‘76 टक्के घट’ लिहिलं तर मूळ आकडा कळत नाही, आणि अनुभवी वाचक सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरतो. चार तक्रारींच्या दोन झाल्या तरी 50 टक्के घट म्हणता येतं. म्हणून आधीचा आणि नंतरचा मूळ आकडा द्यावा. उरलेले 11 कॅनही लपवू नयेत. अडचण शून्यावर आणल्याचा दावा वाचणाऱ्याला खरा वाटत नाही.

हे सगळं ध्यानात घेऊन तिचा परिच्छेद असा होतो:

‘माझ्या सध्याच्या शीतकरण केंद्रावर मागील वर्षी एप्रिल-मे महिन्यांत सकाळच्या फेरीतील 46 कॅन दूध आंबल्यामुळे परत गेले. नोंदवही तपासली असता त्यांपैकी 31 कॅन एकाच मार्गावरील तीन वस्त्यांचे निघाले; ते टेम्पोत सर्वांत आधी चढत व साडेतीन तास वाटेत राहत. मी दोन आठवडे कॅन चढवण्याच्या वेळा व उतरतानाचे तापमान टिपले आणि या वस्त्या शेजारच्या मार्गाला जोडण्याचा प्रस्ताव व्यवस्थापकांपुढे ठेवला. तो मान्य झाल्यावर चालक व संस्थांचे सचिव यांच्याशी बोलून नव्या वेळा ठरवल्या. सर्व संस्थांमध्ये धुतलेले कॅन पालथे घालून वाळवण्याची पद्धतही सुरू करून घेतली. यंदा एप्रिल-मेमध्ये, साधारण तेवढेच दूध येत असताना, 11 कॅन परत गेले. आपल्या जाहिरातीत संकलन पातळीवरील गुणवत्तेचा उल्लेख आहे. तेथे हा अनुभव थेट उपयोगी पडेल असे मला वाटते.’

यात ‘मेहनती’ हा शब्द नाही, तरी दोन आठवडे तापमान टिपणारी मुलगी मेहनती आहे हे वाचणाऱ्याला कळतं. चालक आणि सचिव यांना एका वेळेवर आणणारी व्यक्ती माणसांबरोबर काम करू शकते, हेही त्याने आपणच ओळखलं. स्वतः काढलेला निष्कर्ष माणसाला जास्त खरा वाटतो. शेवटचं वाक्य या तीन टप्प्यांच्या बाहेरचं आहे, पण ते गाळू नये. जुन्या ठिकाणची हकिकत नव्या ठिकाणच्या गरजेला तेच जोडतं, आणि ते जाहिरातीतल्या शब्दांना धरूनच लिहावं. त्याच तरुणीने उद्या एखाद्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केला, तर हा परिच्छेद तसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिथे तापमानाच्या आणि तपासणीच्या नोंदींना जास्त जागा द्यावी लागेल, चालकांशी केलेल्या बोलण्याला कमी.

नेमका प्रसंग विचारण्यामागे अभ्यासाची परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी चांगला अधिकारी कोण हे ठरवताना लोकांची ढोबळ मतं न विचारता प्रत्यक्ष प्रसंग गोळा केले: कोणी काय केलं, त्यामुळे काम साधलं की फसलं. 1954 साली त्यांनी या पद्धतीवर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज मुलाखतीत ‘एखादा अवघड प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारतात, ते याच विचाराला धरून. म्हणजे पत्रातला हा परिच्छेद लिहिताना मुलाखतीचीही तयारी होते. तापमान कशाने मोजलंत, चालकांनी विरोध केला का, उरलेले 11 कॅन कुठले, असे प्रश्न येणारच. ज्या वाक्यावर पुढचा प्रश्न आला तर आपल्याला उत्तर देता येणार नाही, ते वाक्य पत्रातून काढून टाकावं. ही कसोटी लावली की फुगवलेलं बरंचसं आपोआप गळून पडतं.

‘एकच काम का?’ असं पुष्कळ जण विचारतात. आपण चार चांगली कामं केली असताना एकच सांगणं त्यांना तोट्याचं वाटतं. पण सव्वाशे शब्दांत चार कामं कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला तीस शब्द येतात, आणि तीस शब्दांत कृती मावत नाही. मग पुन्हा ‘सुधारणा केली, अंमलबजावणी केली’ एवढंच उरतं. बाकीच्या तीन कामांना बायोडेटात एकेक ओळ पुरते. निवड करताना सर्वांत मोठं काम शोधू नये. जाहिरातीत जी गरज लिहिली आहे तिच्याशी ज्याची अडचण जुळते, ते काम घ्यावं.

सगळ्याच कामांत कॅन मोजता येत नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. ग्रंथालयात, शाळेच्या कार्यालयात, रुग्णालयाच्या स्वागतकक्षात परिणाम बऱ्याचदा आकड्यात येत नाही. तिथे आधी काय घडायचं आणि आता काय घडतं, ते सांगावं. दाखल्यासाठी पालकांना दोनदा यावं लागायचं, आता अर्ज देतानाच कागद तपासून घेतल्यामुळे एकाच खेपेत काम होतं, हा परिणामच आहे. मी सुरू केलेली नोंदवही पुढे दुसऱ्या विभागानेही घेतली, हाही परिणाम आहे. फक्त आकडा नाही म्हणून अंदाजाने एखादा बसवून देऊ नये. नुकतंच शिक्षण संपलेल्या मुलांनी महाविद्यालयातल्या प्रकल्पातलं किंवा गावातल्या एखाद्या कामातलं उदाहरण घ्यायला हरकत नाही. अडचण खरी आणि कृती स्वतःची हवी, एवढंच.

ही मांडणी सगळीकडे चालते असंही नाही. सरकारी भरतीत ठरलेला नमुना आणि परीक्षेचे गुण चालतात. तिथे असं पत्र वाचायला कोणी बसलेलं नसतं. खासगी कंपन्या, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था, शिक्षणसंस्था इथे ते वाचलं जातं. आणि तिथेही एक पथ्य पाळावं लागतं. सध्याच्या मालकाचे खरेदीदर, ग्राहकांची नावं, नफा-तोट्याचे आकडे पत्रात येता कामा नयेत. आपल्या उदाहरणात ना संस्थांची नावं आहेत, ना दुधाचा दर, तरी हकिकत पूर्ण कळते. दुसऱ्याची गुपितं सांगणारा उमेदवार उद्या आपलीही सांगेल, हा हिशेब वाचणारा करतोच.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट, आणि ती नोकरी शोधायला लागण्याआधीची आहे. परिणामाचा आकडा मिळतो तो कामाच्या ठिकाणच्या नोंदींमधून, आणि नोकरी सुटली की त्या नोंदी आपल्याला पुन्हा पाहायला मिळत नाहीत. ‘आधी किती होतं’ हा आकडा तर काम सुरू करतानाच टिपला नाही तर पुढे कोणालाच आठवत नाही. म्हणून सध्या ज्या जागी आहात तिथे एखादी अडचण हाती घेतलीत, की त्या दिवशीची स्थिती, तुम्ही केलेला बदल आणि त्यानंतरची स्थिती तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. कार्यालयाचे कागद घरी नेऊ नका. स्वतःच्या कामाबद्दलच्या चार ओळी पुरेत.